कोड पोरानं लिहिलाय की मशीननं, कमेंट बघून सांगता येतं का?

शहापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका कॉलेजात मी प्रोग्रॅमिंगचं लॅब बघतो, कॉलेजचं नाव घेत नाही. या सत्रात मिनी प्रोजेक्टला आपल्याकडचाच विषय दिला होता, उसाच्या बिलाचा हिशोब. वजनकाट्याच्या पावत्यांची सीएसव्ही फाईल वाचायची, भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा करायचं, दरानं गुणायचं आणि शेतकऱ्यावार बेरीज काढायची, एवढंच. ४२ फायली आल्या. वरून आदेश आला की सगळ्या फायली एका एआय ओळखणाऱ्या साईटवर टाका आणि ज्याचे टक्के जास्त येतील त्याला शून्य द्या. टाकल्या. ३१ पोरं "मशीन" निघाली.

मला हे पटेना म्हणून मी स्वतः आठ वर्षांपूर्वी लिहिलेला लॅबचा प्रोग्रॅम टाकून बघितला, तोही मशीन निघाला. तेव्हा हे एआय कुठं होतं वो?

सगळ्यात जास्त टक्के एका खानापूरकडच्या पोराला आलेत. त्याच्या फायलीतला हा तुकडा बघा:

```python
def calculate_net_weight(gross, tare):
    """
    Calculate the net weight of sugarcane.

    Args:
        gross (float): Gross weight in tonnes.
        tare (float): Tare weight in tonnes.

    Returns:
        float: Net weight rounded to 2 decimals.
    """
    # Ensure gross is greater than tare
    return gross - tare
```

एका ओळीच्या कामाला एवढं मोठं पुराण. पोरगा मराठी माध्यमाचा, वर्गात इंग्रजीत दोन वाक्यं बोलत नाही. त्यात कमेंट म्हणतेय दोन दशांशांपर्यंत राउंड केलंय, तसं कुठं केलेलं नाही. भरलेलं वजन जास्त आहे का बघतो म्हणतेय, तेही बघितलेलं नाही. मला तर हे मशीनचंच वाटालंय, पण शून्य द्यायचं म्हटलं की हात थांबतोय. जाणकारांनी सांगा.

उद्यमबाग_फिटर

सर यात विचार करण्यासारखं काय आहे, कमेंट जास्त म्हणजे मशीन. आमच्या कंपनीत तीन डेव्हलपर आहेत, एकानंही आयुष्यात कधी कमेंट लिहिली नाही 😂 आणि print मध्ये हिरवी टिकमार्क इमोजी असली की डोळे झाकून समजा. ते मॉस म्हणून स्टॅनफर्डचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, त्यात घाला सगळं बाहेर येतंय.

लोंढा_पॅसेंजर

फिटरभाऊ, इमोजीचं थोडंफार खरं आहे पण मॉस इथं कामाचं नाही. मॉस १९९४ पासून आहे आणि ते फायली *एकमेकांशी* ताडून बघतं, व्हेरिएबलची नावं बदलली तरी पकडतं. म्हणजे रोल नंबर ७ नं १२ चं उतरवलं का ते सांगेल. दोघांनी वेगवेगळ्या वेळी मशीनकडून घेतलं आणि मशीननं वेगवेगळं दिलं तर ते गप्प बसणार. उलट लॅब मॅन्युअलमधला प्रोग्रॅम सगळ्यांनी इमानदारीत टाईप केला तर सगळा वर्ग एकमेकांचा चोर ठरणार.

आता शहापूरकर सरांच्या जुन्या प्रोग्रॅमचं. मी बंगळुरात दुसऱ्यांचे कोड तपासायचंच काम करतो, मूळ लोंढ्याचा. यातल्या बऱ्याच साइट्स मुख्यतः एक गोष्ट मोजतात, पुढचा शब्द किती सहज ओळखता आला. मशीन पुढचा शब्द अंदाजानं लिहितं, त्यामुळं जिथं सगळे शब्द अपेक्षेप्रमाणं येत जातात ते मशीनचं, असा सगळा हिशोब. गोष्टीत याला थोडाफार अर्थ आहे. "आजीनं दार उघडलं आणि" याच्या पुढं काय येईल? काहीही येऊ शकतं, मांजर, पोलीस, पावसाची सर, लिहिणाऱ्याची मर्जी. आता `for i in range(` इथवर टाईप करा आणि सांगा पुढं काय येणार. `len(` येईल, नाहीतर `n`. तिथं मर्जी चालवली तर प्रोग्रॅम चालतच नाही. कंस, कोलन, इंडेंट सगळं भाषेनंच ठरवून दिलेलं, मग माणसानं लिहिलेला कोडसुद्धा अंदाजात बसणाराच असतो. २०१२ साली एका संशोधनात माणसांचे खरेखुरे प्रोजेक्ट तपासले होते, तेव्हाच दिसलं होतं की कोड हा इंग्रजी मजकुरापेक्षा कितीतरी जास्त अंदाजात बसतो. तेव्हा हे एआय नव्हतंच. म्हणून तुमचा आठ वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम मशीन ठरला, त्यात तुमची काही चूक नाही.

ओपनएआयनं स्वतःचं ओळखयंत्र जानेवारी २०२३ ला काढलं होतं. त्यांच्याच आकड्यानुसार ते मशीनच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के पकडत होतं, ९ टक्के वेळा माणसालाच मशीन म्हणत होतं, आणि कोडवर भरवसा ठेवू नका असं त्यांनीच लिहिलं होतं. जुलैत गुंडाळलं. ज्यांनी मशीन बनवलं त्यांची ही गत, तर तुमच्या साईटच्या टक्क्यावर पोराला शून्य?

निपाणीची_अक्का

मला कोडातलं ओ की ठो कळत नाही पण शीर्षक वाचून आले. मी शाळेत मराठी शिकवते. मागच्या महिन्यात कथास्पर्धेला एका मुलीची गोष्ट आली, विषय आजी. "आजीच्या सुरकुतलेल्या हातांत मायेचा ओलावा होता", "डोळ्यांच्या कडा पाणावल्या", शेवटी आजी आकाशातली चांदणी झाली. मी लगेच म्हटलं हे तुझं नव्हे. कारण तिची आजी जन्मभर तंबाखूच्या वखारीत राबली, मला ठाऊक आहे, आणि गोष्टीत तंबाखूचा वाससुद्धा नाही, खोकला नाही. ती रडली, कबूल झाली. दुसऱ्यांदा लिहून आणली त्यात आजीच्या लुगड्याला वास येतो म्हणून ही लहानपणी तिच्याजवळ झोपायला नको म्हणायची, असं होतं. मी पहिला नंबर दिला.

तर तुमच्या कोडात असा तंबाखूचा वास कुठं असतो ते सांगा, म्हणजे मला कळेल.

लोंढा_पॅसेंजर

अक्का, लाखातलं विचारलंत. गोष्टीत आपण लिहिणाऱ्याचा आवाज शोधतो आणि शंभर जणांसारखी गोष्ट म्हणजे वाईट गोष्ट. कोडात उलटं, शंभर जणांसारखं लिहिलं तर शाबासकी. आवाज पुसून टाकायला आम्ही हत्यारं वापरतो. पायथॉनचे नियम पीईपी ८ मध्ये २००१ पासून लिहिलेले आहेत, `black` नावाचं एक टूल आहे ते सेव्ह करताना सगळी फाईल एकसारखी करून टाकतं, कोण कुठं स्पेस देतो, कुठं ओळ मोडतो सगळं गेलं. म्हणजे जो माग घ्यायचा तोच रोज झाडून काढायचा नियम.

मग लिहिणाऱ्याच्या मर्जीचं उरतं काय, तर व्हेरिएबलची नावं, फंक्शनचा क्रम, एररचा मजकूर आणि कमेंट. चाळीस ओळींच्या फायलीत अशा जागा मोजक्याच, तेवढ्यावर टक्केवारी काढणं म्हणजे शितावरून सगळ्या गावाचं जेवण सांगण्यासारखं. म्हणून सगळे कमेंटच्या मागं लागतात. पण कमेंटमध्ये काय बघायचं ते फिटरभाऊ म्हणतात तसं "जास्त का कमी" नाही.

मी बघतो ते हे, की कमेंट कुणाशी बोलतेय. माणूस कमेंट लिहितो ती स्वतःला नाहीतर पुढच्या माणसाला, "हे काढू नको, जुन्या पावत्यांत तारीख उलटी आहे" अशी. मशीनची कमेंट कधी कधी *मागणाऱ्याशी* बोलते. `# Replace with your actual file path` घ्या, स्वतःच्या फाईलचा पत्ता ज्याला ठाऊक आहे तो स्वतःला असं कशाला सांगेल? `# Updated to handle empty rows as requested` हे कुणाच्या तरी विनंतीला दिलेलं उत्तर आहे, आणि फायलीत विनंती करणारं कुणीच नाही. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे `# ... rest of the code remains the same`. हे मी एकदा खरंच बघितलंय, फंक्शनच्या जागी ही ओळ तशीच राहिलेली आणि खालचं अर्ध काम गायब. हिला मी कबुलीजबाबच समजतो. पहिली मात्र यूट्यूबवरच्या ट्युटोरियलमध्येही असते, तिथून उतरवली असेल तर तो वेगळा गुन्हा.

सर, तुमच्या तुकड्यात यातलं काहीच नाही. Args, Returns वालं पुराण तर एडिटरचं एक्स्टेन्शनसुद्धा आपोआप घालून देतं.

खानापूरचा_पाहुणा

मी स्वतः मराठी माध्यमाचा. सर "वर्गात इंग्रजीत दोन वाक्यं बोलत नाही" म्हणाले ते जरा लागलं. बोलता येत नाही म्हणून तर आम्ही कमेंट कुठूनतरी नीट करून घेतो ना, चुकीचं इंग्रजी दिसलं की वर्ग हसतो. मी `# ithe ekun berij` असं लिहायचो, सरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, त्यानंतर बंद केलं. आता चांगलं इंग्रजी लिहिलं की मशीन. करायचं काय मग आम्ही?

लोंढा_पॅसेंजर

पाहुणे, बरोबर आहे तुमचं. २०२३ मध्ये अशा सात साइट्सची परीक्षा घेतली होती, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांच्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधांवर. माणसांनी लिहिलेले निबंध, तरी सरासरी निम्म्याहून जास्त निबंधांना मशीन म्हटलं. मोजके आणि साधे शब्द वापरले की अंदाज लागतो, एवढंच कारण.

कॅम्पातला_कलंदर

माझा वेगळा प्रश्न आहे, मी रिझ्युमे एआयकडून लिहून घेतलाय, कंपनीला कळेल काय? उद्या इंटरव्ह्यू आहे, अर्जंट.

उद्यमबाग_फिटर

कलंदरा वेगळा धागा काढ रे.

बर लोंढ्याचे साहेब, मग कंपन्यांनीच मशीनच्या कोडात छुपी खूण का घालू नये? नोटेत तार असते तशी.

लोंढा_पॅसेंजर

मजकुरासाठी तशी युक्ती आहे, २०२३ ची. प्रत्येक शब्दाच्या वेळी शब्दांचे दोन गट करायचे आणि मशीनला एका गटातले जरा जास्त वापरायला लावायचे. वाचणाऱ्याला कळत नाही, मोजणाऱ्याला कळतं. पण त्यासाठी निवडीला वाव लागतो. गोष्टीत "ढग" च्या जागी "आभाळ" चालतं, कोडात `return` च्या जागी काय घालणार? पुढं कुणीतरी सुचवलं की जिथं वाव आहे तेवढ्याच जागी खूण घाला, कोडात त्या थोड्याच आणि त्यातल्या निम्म्या पोरगं नावं बदलून पुसतं. पुन्हा तिथंच.

शहापूरकर सर, पोरांनी गिट वापरलंय का? अक्कांसाठी सांगतो, गिटमध्ये फायलीतल्या बदलांचा इतिहास जपून राहतो, त्यातल्या एकेका नोंदीला कमिट म्हणतात. वापरलं असेल तर एक करा. कमेंट एक म्हणते आणि कोड दुसरंच करतो, हे माणसांच्या कोडातही रोजचंच आहे, कोड बदलतो आणि कमेंट बदलायची राहते. फरक असा की माणसाच्या बाबतीत कमेंट *जुनी* असते आणि कोडची ओळ *नवी*. जन्मतःच दोघांचं जमत नसेल, एकाच कमिटमध्ये दोन्ही आलेत आणि तरी बोलणं वेगळं, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे. त्या फंक्शनचा सगळा इतिहास असा निघतो:

```
git log -L :calculate_net_weight:ganna.py
```

शहापूरकर (दोन दिवसांनी)

उशिराबद्दल माफी, परीक्षेची कामं होती. रिपॉझिटरी देणं सक्तीचं होतं म्हणून बचावलो. लोंढ्याच्या साहेबांनी सांगितलं ते केलं आणि मजा म्हणजे दोन्ही प्रकार एकाच फंक्शनात सापडले.

"Ensure gross is greater than tare" ही ओळ पहिल्याच कमिटमध्ये आलीय आणि तपासणी तेव्हाही नव्हती. म्हणजे जन्मतःच खोटी. पण राउंडचं तसं नाही, पहिल्या कमिटमध्ये `return round(gross - tare, 2)` होतं. नऊ दिवसांनी पोरानं `round` काढलं आणि कमिटचा मेसेज लिहिलाय `5 kilo jatay`.

पोराला बोलावून विचारलं हे पाच किलो काय. त्यानं घरची पावती काढून दाखवली. भरलेलं १८,७६५ किलो, रिकामं ४,३८० किलो, निव्वळ १४,३८५ किलो. टनात १४.३८५. दोन दशांशांवर आणलं की खाली जाऊ दे नाहीतर वर, पाच किलोचा फरक पडणारच. दर टनाला ३००० धरला तर एका खेपेला १५ रुपये. "सर आमच्या बाबानं पावती घेऊन बिलाशी जुळवलं, जुळंना, मग मी काढलो ते." मी विचारलं वरचं पुराण कुणाचं, तर म्हणाला पहिल्या दिवशी एआयला विचारून सुरुवात केली, ते तसंच ठेवलं, चांगलं दिसतंय म्हणून. कबूलच झाला की.

मग मी सगळ्यांनाच एक बदल समोर बसून करायला लावला: ट्रॅक्टरला दोन ट्रेलर, दोन्हींचं वजन वेगळं होतं, पावती मात्र एकच, बेरीज कशी घेशील. वेळ १५ मिनिटं. या पोरानं दहा मिनिटांत केलं. आणि साईटनं ज्याला "माणूस" म्हणून २ टक्के दिले होते, फायलीत एक कमेंट नाही, नावं `a`, `b`, `x1`, त्याला स्वतःच्या फायलीतलं `groupby` काय करतंय ते सांगता आलं नाही. २१० ओळी एकाच कमिटमध्ये, जमा करायच्या आदल्या रात्री. मला वाटतंय त्यानं कमेंट पुसल्यात आणि नावं बदलल्यात.

निपाणीची_अक्का

"5 kilo jatay" हाच की हो तुमचा तंबाखूचा वास!

लोंढा_पॅसेंजर

अक्का 🙏 पण गोष्टीत तो वास मजकुरातच येतो, तुम्ही वाचलंत आणि कळलं. इथं शेवटच्या फायलीत त्याचा मागमूस नाही, उरली ती नुसती `gross - tare`, ती कुणीही लिहील. वास इतिहासात आहे, काढून टाकलेल्या `round` मध्ये. शिवाय गोष्ट समोर बसून "आता आजीला दोन सुना कर" म्हणून तपासता येत नाही, कोडाला मात्र तसं जमतं, चालवून बघता येतो.

खानापूरचा_पाहुणा

पण सर त्या दुसऱ्याचं एकदम असं ठरवू नका. तोंडी परीक्षेत मलाही काही सुचत नाही, हात कापतात. आणि एकाच कमिटमध्ये टाकणारे आमच्या वर्गात अर्धे होते, गिट म्हणजे पेन ड्राईव्हसारखं वाटायचं आम्हाला.

शहापूरकर

हेही खरं. त्याला परवा एकट्याला पुन्हा बसवतो, वर्ग नसताना.

उद्यमबाग_फिटर

आणि इतिहास तरी खरा कशावरून? कमिटची तारीख मागची टाकता येते, मी स्वतः केलंय, टाइमशीटसाठी 😅 पुढच्या वर्षी पोरं मशीनलाच सांगतील नऊ कमिट करून दे, मधी एक चूक घाल, "5 kilo jatay" पण लिही.

लोंढा_पॅसेंजर

करतील. तारीख खोटी घालता येते, `GIT_AUTHOR_DATE` आणि `GIT_COMMITTER_DATE` बदलून. सर्व्हरवर कधी पुश झालं ती नोंद मात्र पोराच्या हातात नसते, दर आठवड्याला पुश सक्तीचं करा म्हणजे निदान नऊ आठवडे नाटक करावं लागेल. तरी काय, पक्कं नाहीच.

आमच्याकडं तर प्रश्नच वेगळा आहे. कंपनीत एआय वापरलं म्हणून कुणी रागावत नाही, कळलं नसताना पुढं ढकललं की रागावतात. उलट जेंटू या लिनक्सवाल्यांनी २०२४ च्या एप्रिलमध्ये एआयचा कोड घेणारच नाही असं ठरवलं, नेटबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनीही पुढच्याच महिन्यात लेखी परवानगीशिवाय बंद केला. पण तेही फाईल बघून ओळखत नाहीत, पाठवणाऱ्याच्या शब्दावर चालतं.

शहापूरकर

माझा आता एवढाच पेच आहे. खानापूरच्या पोराला किती देऊ? सुरुवात मशीनची, त्यानंच कबूल केलंय आणि नियमात "स्वतः लिहिलेला" असं आहे. वरच्यांना ते ३१ जणांचं शून्य पाहिजे, शनिवारी गुण भरायचेत. मी लिहून देणार आहे की टक्केवारी धरणार नाही, समोर केलेल्या बदलावर गुण देणार. ऐकतील का माहीत नाही.

निपाणीची_अक्का

त्या खोट्या ओळीचे दोन गुण कापा आणि बाकीचे द्या. मी व्याकरणाला तेवढेच कापते.

उद्यमबाग_फिटर

आणि त्याला सांगा ती तपासणी खरंच घाल म्हणून. आमच्या काट्यावर एकदा ड्रायव्हरनं रिकामं वजन करताना वर चार माणसं बसवली होती, तेवढं निव्वळ वजन कमी लागलं, शेतकरी बोंबलत आला.

शहापूरकर

ते त्याच्या तपासणीत कुठं सापडणार वो, भरलेलं वजन तरी जास्तच राहील की.

उद्यमबाग_फिटर

हां, ते पण खरं.

कॅम्पातला_कलंदर

इंटरव्ह्यू झाला. रिझ्युमेबद्दल काहीच विचारलं नाही, कागदावर कोड लिहायला सांगितला 😭